अपघाताची बातमी : आकडा, शब्द आणि मृतांचा सन्मान

ओदिशातील बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार स्थानकाजवळ २ जून २०२३ रोजी सायंकाळी सातच्या सुमारास तीन गाड्यांचा भीषण अपघात झाला. शालिमारहून चेन्नईकडे निघालेली कोरोमंडल एक्सप्रेस मुख्य मार्गाऐवजी लगतच्या लूप मार्गावर वळली आणि तेथे उभ्या असलेल्या, लोहखनिजाने भरलेल्या मालगाडीवर आदळली. तिचे रुळांवरून घसरलेले डबे शेजारच्या मार्गावरून जाणाऱ्या बंगळुरू–हावडा एक्सप्रेसच्या शेवटच्या डब्यांना धडकले. गेल्या काही दशकांतील देशातील सर्वांत मोठ्या रेल्वे अपघातांमध्ये या दुर्घटनेची गणना होते.

अशा घटनेचे वृत्त देशभरातील भाषांमध्ये काही मिनिटांत द्यावे लागते. मूळ माहिती बहुधा इंग्रजी किंवा हिंदीतून येते आणि वृत्त विभागातील अनुवादक ती मराठीत आणतो. या घाईत कोणता आकडा घ्यावा, कोणता शब्द टाळावा, कोणते छायाचित्र प्रसिद्ध करू नये, हे निर्णय घ्यावे लागतात. मृतांचा आणि त्यांच्या आप्तांचा सन्मान राखणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे बालासोर अपघाताच्या वार्तांकनावरून समजून घेता येते.

पहिली बातमी कोणासाठी?

अपघाताच्या पहिल्या तासात ती बातमी सर्वाधिक आतुरतेने वाचणारी व्यक्ती म्हणजे प्रवाशाचा नातेवाईक. कोरोमंडल एक्सप्रेसने पश्चिम बंगाल, बिहार, झारखंड आणि ओदिशातील असंख्य मजूर कामासाठी दक्षिणेकडे जात असतात. त्यांची कुटुंबे शेकडो किलोमीटर दूर गावी असतात. भ्रमणध्वनी लागत नाही, अशा वेळी त्यांच्या हाती बातमीखेरीज दुसरे साधन नसते. आपला माणूस त्या गाडीत होता का, गाडी कोणत्या दिशेने जात होती, जखमींना कोठे नेले आहे आणि चौकशी कोठे करावी, हे त्यांचे प्रश्न असतात.

म्हणून गाडीचे नाव पुरेसे ठरत नाही. कोरोमंडल एक्सप्रेस या नावाची गाडी दोन्ही दिशांनी धावते. शालिमारहून चेन्नईकडे जाणाऱ्या गाडीचा क्रमांक १२८४१, तर चेन्नईहून परतणाऱ्या गाडीचा १२८४२ आहे. बातमीत केवळ ‘कोरोमंडल एक्सप्रेसला अपघात’ असे म्हटले, तर त्या सायंकाळी परतीच्या गाडीत असलेल्या प्रत्येक प्रवाशाच्या घरीही विनाकारण हाहाकार उडतो. गाडीचा क्रमांक, निघण्याचे आणि पोहोचण्याचे स्थानक एवढा तपशील दिला की हजारो घरांची चिंता मिटते.

त्या रात्री पहिल्या अर्ध्या तासात जी माहिती हाती होती, तिच्या आधारे बातमी पुढीलप्रमाणे लिहिता येत होती : “ओदिशात बालासोर जिल्ह्यातील बहानगा बाजार स्थानकाजवळ आज सायंकाळी सातच्या सुमारास शालिमारहून चेन्नईला जाणाऱ्या १२८४१ कोरोमंडल एक्सप्रेसला अपघात झाला. गाडीचे अनेक डबे रुळांवरून घसरले असून अनेक प्रवासी जखमी झाले आहेत. जखमींना नजीकच्या रुग्णालयांमध्ये हलविण्यात येत आहे. मदतकार्य सुरू असून नातेवाइकांच्या चौकशीसाठी रेल्वेने मदत क्रमांक जारी केले आहेत.” त्यापाठोपाठ ते क्रमांक. या बातमीत मृतांचा आकडा नाही, कारण तो अद्याप कोणीही अधिकृतपणे दिलेला नाही. कोणती गाडी कोणावर आदळली हेही नाही, कारण त्या रात्री याविषयी परस्परविरोधी माहिती येत होती. कोणती गाडी आधी घसरली, याचा क्रम वेगवेगळ्या वृत्तांत वेगवेगळा होता. जे ठाऊक नाही ते वाक्यात आले नाही, म्हणून बातमी अपुरी ठरत नाही. नातेवाइकाला लागणारी माहिती तीत आहे.

आकड्यामागचा हिशेब

मृतांचा आकडा हा अशा बातमीतील सर्वांत नाजूक भाग होय. बालासोर अपघातात त्या रात्रीपासून दुसऱ्या दिवशीपर्यंत ही संख्या सतत वाढत गेली आणि ३ जून रोजी २८८ असल्याचे सांगण्यात आले. ४ जून रोजी ओदिशाच्या मुख्य सचिवांनी ही संख्या २७५ असल्याचे जाहीर केले. काही मृतदेहांची गणना दोनदा झाली होती, असे पडताळणीनंतर आढळल्याचे त्यांनी स्पष्ट केले. ६ जून रोजी राज्य शासनाने पुन्हा २८८ मृत्यूंना दुजोरा दिला. जुलैमध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार मृतांची संख्या २९५ होती.

हा चढउतार पाहून शासन आकडे लपवीत असल्याचा संशय तेव्हा जाहीरपणे व्यक्त झाला. गणना कशी होते हे ठाऊक असल्यास या फेरबदलाचे कारण लक्षात येते. घटनास्थळाजवळच्या बहानगा माध्यमिक विद्यालयात प्रारंभी मृतदेह ठेवण्यात आले. तेथून ते अन्य ठिकाणी आणि नंतर भुवनेश्वर येथील एम्स व इतर रुग्णालयांमध्ये हलविण्यात आले. प्रत्येक ठिकाणी नोंद होते. एकच मृतदेह घटनास्थळी मोजला गेला आणि पुढील ठिकाणीही मोजला गेला, तर बेरीज फुगते. उलट, उपचार सुरू असताना एखाद्या जखमीचे निधन झाले, तर तो मृत्यू रुग्णालयाच्या नोंदीत येतो आणि संख्या काही आठवड्यांनंतरही वाढते.

यातून वृत्त विभागासाठी काही साधे नियम निघतात. प्रत्येक आकड्यासोबत तो कोणी दिला आणि केव्हा दिला, हे लिहावे. जिल्हा प्रशासनाचा आकडा आणि रेल्वेचा आकडा वेगळा असल्यास दोन्ही स्वतंत्रपणे द्यावेत. त्यांची बेरीज करू नये किंवा त्यांतील मोठा आकडा मथळ्यासाठी निवडू नये. संख्या कमी झाली, तर जुना आकडा गुपचूप बदलून टाकू नये. “यापूर्वी २८८ अशी देण्यात आलेली मृतांची संख्या पडताळणीनंतर २७५ असल्याचे राज्याच्या मुख्य सचिवांनी आज सांगितले. काही मृतदेहांची दोनदा गणना झाली होती, असे त्यांनी स्पष्ट केले,” असे लिहिल्यास वाचकाला बदलाचे कारण त्याच वाक्यांत कळते आणि संशयाला जागा उरत नाही.

अनुवादात आकड्यांविषयी आणखी एक धोका संभवतो. हिंदीतील ‘हताहत’ या शब्दात ‘हत’ आणि ‘आहत’ असे दोन शब्द आहेत. मृत आणि जखमी या दोहोंचा समावेश त्यात होतो. इंग्रजी बातम्यांतील ‘कॅज्युअल्टी’ या शब्दाचाही अर्थ तोच. घाईत या दोन्ही शब्दांचे भाषांतर ‘मृत’ असे केले जाते आणि मूळ वाक्यात जखमींसह दिलेली संख्या मराठीत केवळ मृतांची होऊन बसते. मराठी मथळ्यातील आकडा मूळ भाषेतील मथळ्यापेक्षा बराच मोठा दिसला, तर सर्वप्रथम हा शब्द तपासावा. तसेच मूळ मजकुरातील ‘किमान’, ‘आतापर्यंत’, ‘भीती व्यक्त होत आहे’ हे शब्द जागा वाचविण्यासाठी गाळले जातात आणि शक्यतेचे रूपांतर वस्तुस्थितीत होते.

शब्दांची निवड

मराठी वृत्तलेखनात अपघाताच्या बातम्यांचे काही ठरावीक शब्द रुळले आहेत. त्यांत ‘ठार’ हा शब्द सर्वांत प्रचलित आहे. दोन अक्षरांचा असल्याने तो मथळ्यात सहज मावतो. परंतु ‘ठार मारणे’ या प्रयोगामुळे त्याला हिंसेची छटा आहे आणि ज्याचा मुलगा गेला त्या पित्याला तो कठोर वाटतो. ‘मृत्यू झाला’, ‘मृत्युमुखी पडले’, ‘प्राण गमावले’ हे पर्याय थोडे लांब असले, तरी अचूक आहेत आणि कोणालाही खुपत नाहीत. पुढे बातमीत ‘मृतदेह’ हा शब्द पुरेसा आहे. ‘प्रेतांचा खच’, ‘रक्ताचा सडा’, ‘छिन्नविच्छिन्न’ या शब्दांनी वाचकाच्या माहितीत भर पडत नाही. आपल्या माणसाचा शेवट कसा झाला असेल, याचे चित्र तेवढे आप्तांच्या मनात कायमचे कोरले जाते.

भीषणता सांगायची नाही, असा याचा अर्थ नव्हे. ती घटनेच्या वस्तुनिष्ठ तपशिलातून सांगता येते. कोरोमंडल एक्सप्रेस त्या वेळी ताशी सुमारे १२८ किलोमीटर वेगाने धावत होती. समोरची मालगाडी लोहखनिजाने भरलेली असल्याने जागची फारशी हलली नाही आणि आघाताचा सारा भार प्रवासी गाडीवर आला. डबे कापून आतील प्रवाशांना बाहेर काढण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांना गॅस कटर वापरावे लागले. एवढे वाचल्यावर अपघात किती भयंकर होता हे कोणालाही समजते. त्यासाठी एकाही जखमेचे वर्णन करावे लागत नाही. शिवाय या तपशिलातून कारणांचा विचार सुरू होतो. रक्ताच्या वर्णनातून तो होत नाही.

दुसऱ्या टोकाची भाषाही तितकीच सदोष असते. ‘काळाचा घाला’, ‘मृत्यूचे तांडव’, ‘नियतीचा क्रूर खेळ’ या शब्दप्रयोगांत रक्तपात नाही, पण घटनेची जबाबदारीही नाही. बालासोरचा अपघात नियतीने घडविला नव्हता. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीनंतर संसदेत देण्यात आलेल्या माहितीनुसार, स्थानकाच्या उत्तरेकडील सिग्नल कक्षात पूर्वी केलेल्या परिपथाच्या बदलातील त्रुटी आणि फाटक क्रमांक ९४ वरील अडथळा बदलण्याच्या कामाच्या वेळी झालेल्या त्रुटी यांमुळे गाडीला चुकीचा संकेत मिळाला. संकेत मुख्य मार्गाचा हिरवा होता, रूळ मात्र लूप मार्गाकडे वळलेले होते. मानवी चुकीने घडलेल्या घटनेला ‘काळाचा घाला’ म्हणणे म्हणजे मृतांच्या आप्तांचा उत्तर मागण्याचा हक्क भाषेतून काढून घेणे होय.

‘बेवारस’ नव्हे, ‘ओळख न पटलेले’

बालासोर प्रकरणात एका शब्दाने विशेष अन्याय केला, तो म्हणजे ‘बेवारस’. अपघातानंतर दोन आठवडे उलटूनही ८० च्या आसपास मृतदेहांची ओळख पटलेली नव्हती. काही वृत्तांत त्यांचा उल्लेख ‘बेवारस मृतदेह’ असा होत होता. हिंदीतील ‘लावारिस’ या शब्दाचे ते सरळ भाषांतर होते.

प्रत्यक्षात परिस्थिती वेगळी होती. भुवनेश्वरमध्ये नातेवाइकांची रीघ लागली होती. काही मृतदेहांवर एकाहून अधिक कुटुंबांनी हक्क सांगितला होता. इंजिनालगतच्या अनारक्षित डब्यांमधील प्रवाशांची हानी मोठी होती आणि अनारक्षित प्रवाशांची नावे रेल्वेच्या आरक्षण यादीत नसतात. त्यामुळे कोण प्रवास करीत होते, हे कागदपत्रांवरून सांगता येत नव्हते. अखेर एम्समध्ये मृतदेहांचे आणि नातेवाइकांचे डीएनए नमुने घेऊन ते दिल्लीला तपासणीसाठी पाठवावे लागले. पहिल्या टप्प्यातील अहवाल जूनअखेरीस आल्यानंतर २९ मृतदेहांची ओळख पटली. या साऱ्या काळात वारस शवागाराच्या दाराशी उभे होते. त्यांच्या माणसाला ‘बेवारस’ म्हणणे असत्य होते आणि अपमानास्पदही. ‘ओळख न पटलेले मृतदेह’ हा शब्दप्रयोग अचूक आहे. ओळख पटविणे हे प्रशासनाचे काम अद्याप पूर्ण झालेले नाही, हेही तो सूचित करतो.

छायाचित्रांचा प्रश्न

मृतांची ओळख पटविण्यासाठी ओदिशा शासनाने त्यांची छायाचित्रे आपल्या संकेतस्थळांवर ठेवली होती. रुग्णालयांत दाखल असलेल्या जखमींच्या याद्याही तेथे देण्यात आल्या. दूरवरच्या नातेवाइकांना ओदिशात पोहोचण्यापूर्वी माहिती मिळावी, हा त्यामागील हेतू होता. ही छायाचित्रे विचलित करणारी असून मुलांनी ती पाहू नयेत आणि राज्याच्या विशेष मदत आयुक्तांच्या लेखी पूर्वपरवानगीविना प्रसारमाध्यमांसह कोणीही ती प्रसिद्ध करू नयेत, अशी सूचना शासनाने सोबत दिली होती.

येथे एकच छायाचित्र दोन ठिकाणी दोन वेगळे अर्थ धारण करते. शासकीय संकेतस्थळावर ते शोध घेणाऱ्या आईसाठी असते. बातमीच्या पानावर तेच छायाचित्र अनोळखी लोकांच्या कुतूहलाचा विषय होते. म्हणून बातमीत संकेतस्थळाची माहिती द्यावी, तेथे काय दिसेल याची पूर्वकल्पना द्यावी आणि छायाचित्र मात्र घेऊ नये. चेहरा धूसर करून ते छापणे हाही मार्ग नाही. चेहरा झाकला तरी कपडे, हातातील कडे किंवा गोंदण यांवरून घरचे लोक माणूस ओळखतात. निधनाची वार्ता त्यांना प्रशासनाकडून किंवा आप्तांकडून कळावी, एखाद्या छायाचित्रातून कळू नये.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने ९ जानेवारी २०२३ रोजी, म्हणजे या अपघाताच्या पाच महिने आधी, खासगी वाहिन्यांना याविषयी सूचना दिली होती. मृतदेह आणि जखमी व्यक्तींची जवळून घेतलेली दृश्ये दाखविली जातात, समाजमाध्यमांवरील चित्रफिती कोणतेही संपादन न करता प्रसारित होतात आणि हे कार्यक्रम संहितेला धरून नाही, असे मंत्रालयाने त्यात नमूद केले होते. काही दिवसांपूर्वी मोटार अपघातात जखमी झालेल्या एका क्रिकेटपटूच्या दृश्यांचा त्यात उल्लेख होता. म्हणजेच प्रश्न केवळ मृतांचा नाही. वेदनेने विव्हळणाऱ्या जखमीने चित्रीकरणास संमती दिलेली नसते आणि त्या अवस्थेत तो ती देऊही शकत नाही.

बालासोर येथे रुळांवर विखुरलेल्या सामानात बंगाली भाषेत हाताने लिहिलेल्या प्रेमकवितांची पानेही आढळली. त्यांची छायाचित्रे देशभर पसरली. त्यांत रक्त नव्हते, म्हणून ती निरुपद्रवी वाटली. मात्र ते कोणाचे तरी खासगी लेखन होते आणि लिहिणारी व्यक्ती हयात आहे की नाही, हे छायाचित्र पुढे पाठविणाऱ्यांना ठाऊक नव्हते. अशा पानांची नोंद ‘प्रवाशांचे सामान, वह्या रुळांवर विखुरल्या होत्या’ या एका वाक्यात होऊ शकते. त्यातील मजकूर छापण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही.

दोष कोणाला द्यावा?

अपघातानंतर दुसऱ्याच दिवशी ‘कोणाची चूक’ हा प्रश्न मथळ्यांत येतो. मराठीत ‘अपघात’ आणि ‘घातपात’ या दोन शब्दांत अक्षरांचे अंतर थोडे, पण अर्थाचे फार मोठे आहे. ४ जून रोजी केंद्रीय अन्वेषण विभागाकडे तपास सोपविण्याची शिफारस झाली, तेव्हा ‘घातपाताची शक्यता’ हे शब्द सर्वत्र झळकले. त्याच दिवशी ओदिशा पोलिसांना समाजमाध्यमांवरील धार्मिक अफवांविरुद्ध जाहीर इशारा द्यावा लागला. घटनास्थळाजवळील एका मंदिराचे हवाई छायाचित्र दुसऱ्या धर्माचे प्रार्थनास्थळ म्हणून फिरविले जात होते. ज्या मृतांच्या नावाने हा द्वेष पसरविला जात होता, त्यांत अनेक धर्मांचे प्रवासी होते.

तपासाची माहिती देताना प्रत्येक टप्प्याला त्याचे नेमके नाव द्यावे. रेल्वे सुरक्षा आयुक्तांची चौकशी ही कारणे शोधण्यासाठी असते आणि हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत काम करतात. केंद्रीय अन्वेषण विभागाचा तपास फौजदारी स्वरूपाचा असतो. जुलै २०२३ मध्ये या विभागाने रेल्वेच्या तीन कर्मचाऱ्यांना अटक केली. अशा वेळी ‘अटक’ हा शब्द वापरावा, ‘दोषी’ हा शब्द न्यायालयाच्या निकालापर्यंत राखून ठेवावा. इंजिनचालकाविषयीही हीच दक्षता हवी. बालासोर अपघातात आपल्याला हिरवा संकेत मिळाला होता, असे चालकाने सांगितल्याची माहिती रेल्वे मंडळाने ४ जून रोजी दिली. तोपर्यंत चालकाच्या चुकीची चर्चा सुरू झाली होती आणि तो स्वतः गंभीर जखमी अवस्थेत रुग्णालयात होता.

कधी कधी वाक्यरचनाच मृतांना दोषी ठरविते. महाराष्ट्रात बदनापूर आणि करमाड या स्थानकांदरम्यान ८ मे २०२० रोजी पहाटे मालगाडीखाली येऊन १६ स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला. टाळेबंदीच्या काळात काम बंद झाल्याने ते जालन्याहून मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे पायी निघाले होते. भुसावळहून गाडी मिळेल, अशी त्यांना आशा होती. थकून ते रुळांवर विसावले आणि झोपी गेले. ‘रुळांवर झोपणे मजुरांच्या जिवावर बेतले’ असे वाक्य लिहिल्यास कारण त्यांच्या निष्काळजीपणात शोधले जाते. ‘पायी गावी निघालेल्या १६ मजुरांचा मालगाडीखाली मृत्यू’ या वाक्यात घटना तीच आहे, पण ते रुळांवर का होते हेही कळते. रुळांवर पडलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचे छायाचित्र तेव्हा सर्वत्र प्रसिद्ध झाले. एकही मृतदेह न दाखविता त्या छायाचित्राने घटनेचे कारण सांगितले. कवितांची पाने आणि या भाकऱ्या यांतील फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. भाकऱ्यांनी कोणाचेही खासगी जीवन उघड केले नाही.

मदत आणि भरपाई यांतील फरक

अपघाताच्या बातमीत शेवटच्या परिच्छेदात येणारी रक्कम ही वाचकाच्या दृष्टीने तपशिलाची बाब असली, तरी पीडित कुटुंबासाठी तिला महत्त्व असते. बालासोर अपघातानंतर रेल्वेने मृतांच्या वारसांना १० लाख, गंभीर जखमींना २ लाख आणि किरकोळ जखमींना ५० हजार रुपये जाहीर केले. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतून मृतांच्या वारसांना आणखी २ लाख रुपये जाहीर झाले. ही सर्व ‘सानुग्रह’ मदत होती, म्हणजे शासनाने स्वेच्छेने दिलेली तातडीची रक्कम. अनेक बातम्यांत तिला सरसकट ‘नुकसानभरपाई’ म्हटले गेले.

नुकसानभरपाई ही वेगळी बाब आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १२४ नुसार गाडीच्या अपघातात मृत्यू झाल्यास किंवा दुखापत झाल्यास रेल्वेची चूक सिद्ध करावी न लागता प्रवाशाला किंवा त्याच्या वारसांना भरपाई मागता येते. मृत्यूच्या बाबतीत ही रक्कम १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख रुपये करण्यात आली. त्यासाठी रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो आणि त्याची मुदत सर्वसाधारणपणे एक वर्षाची असते. सानुग्रह रकमेलाच ‘नुकसानभरपाई’ म्हटले, तर कुटुंबाचा समज असा होतो की मिळायचे ते मिळाले. मग अर्ज केला जात नाही आणि मुदत निघून जाते. बातमीतील एका चुकीच्या शब्दामुळे गरीब कुटुंबाचा कायदेशीर हक्क बुडू शकतो.

बातमी संपल्यानंतर

वृत्त विभागाच्या दृष्टीने मोठ्या अपघाताची बातमी साधारणतः आठवडाभरात मागे पडते. बहानगा येथील गोष्ट मात्र पुढे चालू राहिली. ज्या विद्यालयात मृतदेह ठेवण्यात आले होते, तेथे यायला मुले धजावेनात. पालकांच्या मागणीनंतर ९ जून रोजी ती जुनी इमारत पाडण्यास प्रारंभ झाला. त्या वेळी ‘भुताची शाळा’ अशा प्रकारचे मथळे देण्याचा मोह टाळणे आवश्यक होते. भयभीत मुलांना समुपदेशनाची गरज होती आणि त्या शाळेने संकटाच्या रात्री आपले वर्ग उपलब्ध करून दिले होते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये, अपघातानंतर चार महिन्यांनी, ओळख न पटलेल्या उर्वरित २८ मृतदेहांवर भुवनेश्वर महानगरपालिकेच्या वतीने अंत्यसंस्कार करण्यात आले. स्थानिक महिलांनी पुढे येऊन काही चितांना अग्नी दिला. या २८ जणांची नावे कोणालाही कळली नाहीत. त्यांची बातमी देताना वृत्त विभागाकडे नाव, गाव, वय यांपैकी काहीही नव्हते. तरीही अंत्यसंस्कार कोणत्या दिवशी झाले, ते कोणी केले आणि त्यापूर्वी डीएनए तपासणी झाली होती, एवढे तीत नोंदविता आले. भविष्यात एखादे कुटुंब आपल्या हरवलेल्या माणसाचा शोध घेत त्या बातमीपर्यंत पोहोचले, तर त्याला चौकशी कोठून सुरू करावी हे तिच्यावरून कळू शकेल.